मामांची एकसष्टी: एका थट्टेच्या बांधणीच्या नोंदी

१२ फेब्रुवारी

काम ठरलं. ८ मार्चला कराडला मामांची एकसष्टी आहे आणि मुलगा म्हणून दादाने चार मिनिटं बोलायचं आहे. लिहायचं मी. दादा साइट इंजिनियर, काँक्रीट मिक्सरच्या आवाजावर मात करणारा गळा, पण माइक हातात आला की गृहपाठ वाचून दाखवणाऱ्या मुलासारखा होतो. म्हणजे नटाच्या भरवशावर सोडावं असं काही लिहायचं नाही. जे काही टायमिंग असेल ते वाक्यातच बसवून द्यायचं. त्याने फक्त शब्द त्याच क्रमाने म्हणायचे.

फोनवरून मामांच्या खोड्या गोळा केल्या. टक्कल, गुडघे आणि हुकलेलं प्रमोशन, हे तिन्ही विषय लगेच बाजूला काढले. जे माणसाने स्वतः निवडलेलं नाही, त्यावर घरच्या समारंभात हसवायचं नाही. उरली ती जगजाहीर सवय: कुणीही काहीही विकत घेतलं की मामा विचारणार, "केवढ्याला?" आणि आकडा कितीही असो, त्यांचा निकाल ठरलेला, "फसवलं तुला." ही त्यांनी साठ वर्षं जोपासलेली आवड आहे, तिचा त्यांना अभिमानही आहे. थट्टेला याहून चांगलं काय हवं.

१५ फेब्रुवारी

दादाने स्वतःचा मसुदा पाठवला. त्यातला विनोद असा:

"माझ्या बाबांना तीन गोष्टींची आवड आहे. वाचन, सकाळचं फिरणं आणि तिसरी म्हणजे भाव करण्याची."

रचना ओळखीची आहे: पहिले दोन सरळ, तिसरा वाकडा. पण हसू येत नाही आणि का येत नाही ते नीट मांडून ठेवते, कारण पुढचं सगळं काम त्यातूनच निघणार आहे.

तीनच का, याचं उत्तर सोपं आहे. एका उदाहरणाने नियम दिसत नाही. दुसरं आलं की ऐकणाऱ्याच्या मनात रेघ आखली जाते आणि तो तिसऱ्याचा अंदाज बांधायला लागतो. तो अंदाज मोडण्याची सगळ्यात लवकरची जागा म्हणजे तिसरी. शिवाय तिसऱ्यानंतर यादी संपते ही सवय बोलण्यात खोल रुजलेली आहे. गेल जेफरसन यांनी रोजच्या बोलण्यातल्या याद्यांचा अभ्यास १९९० मध्ये मांडला. लोक यादी तीनवर पुरी करू बघतात आणि तिसरं काही सुचलं नाही तर ती जागा भरतीच्या शब्दाने भरून काढतात, असं त्यांचं निरीक्षण आहे. ते इंग्रजी संभाषणांचं होतं, पण आपण वेगळं काय करतो? "चहा, पोहे वगैरे." हे वगैरे तिसऱ्या खुर्चीवर बसलेलं असतं. म्हणून चौथा मुद्दा घातला तर तो लोक हसायला मोकळे झाल्यावर येतो आणि त्यांच्या आवाजाखाली चिरडतो.

आता दादाच्या वाक्यात काय बिघडलं? एक तर "तीन गोष्टी" अशी आधीच घोषणा केली. श्रोता मोजायला बसला आणि तिसऱ्याकडे संशयाने बघू लागला. दुसरं म्हणजे वाचन, फिरणं, भाव करणं, तिन्ही आवडीच. तिसरी पहिल्या दोघींच्या रांगेतच उभी आहे, रेघ मोडलीच नाही.

पण खरी अडचण तिसरी, आणि ती फक्त थट्टेचीच अडचण आहे. मंचावर अनोळखी लोकांना विनोद सांगताना शेवटी काय येणार ते कुणाला माहीत नसतं. थट्टेत ते सगळ्यांना माहीत असतं. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी मामांच्या तोंडून "केवढ्याला?" ऐकलेलं आहे. तेव्हा ते गुपित म्हणून लपवणं व्यर्थ. लपवता येईल ती फक्त एकच गोष्ट: ते कुठे येणार.

(उखाण्याचं असंच असतं. शेवटी नवऱ्याचं नाव येणार हे मांडवातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मजा सगळी नावापर्यंतच्या वाटेत.)

१६ फेब्रुवारी

ताईशी बोलले. तिच्या बाळंतपणाच्या वेळची गोष्ट तिने सांगितली आणि मी वही बंद करून ठेवली. तिसरी जागा सापडली.

झालं होतं असं. पुण्याच्या दवाखान्यात मामा पहाटेच्या एसटीने पोचले, पहिलावहिला नातू मांडीवर घेतला, डोळे खरोखर भरून आले, आणि मग ताईला त्यांनी बिलाबद्दल विचारलं. ताईच्या मते ते काळजीपोटी होतं. असेलही. पण शब्द मात्र नेहमीचेच होते.

१९ फेब्रुवारी

तिसरं मिळालं, आता पहिली दोन निवडायची. हे काम वाटतं त्याहून अवघड, कारण तिसऱ्याची धार ही पहिल्या दोघांवर अवलंबून असते.

पहिलं: दादाने दिवाळीला आणलेला शर्ट. त्यावर वाद नाही.

दुसऱ्यासाठी तीन पर्याय होते. ताईच्या लग्नाचा हॉल, दादाच्या दाताचं रूट कॅनाल आणि दादाची गाडी. स्वतंत्र किस्सा म्हणून रूट कॅनालवालाच सगळ्यात गमतीचा आहे. दादाचा गाल सुजलेला आणि मामा डॉक्टरची फी विचारताहेत. दादाला तोच हवा होता. तरी मी तो काढला. शर्ट आणि रूट कॅनाल शेजारी ठेवले की श्रोत्याला नियम असा दिसतो: मामा कशाचाही भाव विचारतात, दुखण्याचाही. मग दवाखाना हा शब्द आला रे आला की माणूस ओळखतो. हॉलचंही तेच, घरातलं कार्य आलं की दार उघडलं. शर्ट आणि गाडी ठेवले तर नियम अरुंद राहतो: दुकानातून आणलेल्या वस्तू. बाळ त्या कुंपणाच्या बाहेर आहे, आणि ते बाहेर असणं हाच विनोद आहे.

म्हणजे दुसरं उदाहरण मुद्दाम थोडं कमी गमतीचं ठेवायचं. त्याचं काम हसवणं नव्हे, नियम पक्का करणं. हलका हशा आला तर आला.

दोन्हींची बांधणी सारखी ठेवली, जवळजवळ शब्दाला शब्द:

"दिवाळीला मी बाबांना शर्ट आणला. बाबांनी कापड चिमटीत धरलं, कॉलर उलटी करून बघितली. केवढ्याला? मी म्हटलं, बाराशे. म्हणाले, फसवलं तुला."

"मग मी गाडी घेतली. बाबांनी एक प्रदक्षिणा घातली, दार उघडून आपटून बघितलं. केवढ्याला? मी आकडा सांगितला. म्हणाले, फसवलं तुला."

दोन्हींत आधी हाताची कृती, मग प्रश्न, मग उत्तर, मग निकाल. गाडीची किंमत मुद्दाम सांगितली नाही. ती सांगितली की लोक गाडीच्याच हिशेबात रमतात, आणि सासरच्यांसमोर ती नको हे तर आहेच.

२१ फेब्रुवारी

आज फक्त शेवटच्या ओळीवर काम. एवढ्यावर एक संध्याकाळ गेली, पण मराठीत ही जागा दगा देते.

ताईने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं तर असं होतं:

"केवढ्याला पडला, असं बाबांनी ताईला हळूच विचारलं."

धक्क्याचा शब्द सगळ्यात आधी आणि मागे पाच शब्दांचं शेपूट. लोक पहिल्या शब्दाला हसायला तोंड उघडतील तेव्हा दादा अजून "ताईला हळूच" म्हणत असणार. मग ते थांबून ऐकतील आणि हसणं गिळतील. उलटं करून बघितलं:

"बाबांनी ताईला हळूच विचारलं, केवढ्याला पडला?"

बरं झालं, पण अजून दोन गोष्टी खटकतात. "विचारलं" म्हटलं की पुढे प्रश्न येणार हे कळतं, आणि मामा आणि प्रश्न म्हटलं की घरच्यांना तो एकच प्रश्न आठवतो. मधल्या एका शब्दाच्या वेळात विनोद फुटतो. त्याऐवजी "म्हणाले" टाकलं. म्हणाले मध्ये काहीही येऊ शकतं: आशीर्वाद, नाव, आजोबांची आठवण. दुसरं म्हणजे "पडला". आपलं क्रियापद शेवटी येऊन बसतं आणि बहुतेक वेळा ते वाक्यातलं सगळ्यात निस्तेज माणूस असतं. ते बोलण्यात गाळता येतं तिथे गाळावं. बाजारात कोण पूर्ण वाक्य बोलतो? नुसतं "केवढ्याला?" आणि शर्टाला, गाडीलाही नेमका हाच एकटा शब्द वापरलेला आहे. म्हणून:

"मग बाबा ताईकडे वळले आणि म्हणाले, केवढ्याला?"

शेवटचा शब्द हाच धक्का, त्यापुढे काही नाही. "हळूच"ही काढलं. हळूच म्हटलं की काहीतरी खोडकर येणार याची खबर लागते.

२२ फेब्रुवारी

तिसऱ्या भागाची चढण लिहिली:

"गेल्या वर्षी ताईला मुलगा झाला. बाबा रात्रभर झोपले नाहीत, पहाटेच्या एसटीने पुण्याच्या दवाखान्यात पोचले. नातवाला मांडीवर घेतलं. मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांचे डोळे भरून आलेले बघितले. खोलीत कुणी काही बोलेना. मग बाबा ताईकडे वळले आणि म्हणाले, केवढ्याला?"

इथे लक्ष दुसरीकडे वळवायचं काम आहे, आणि त्यासाठी एक शब्दही खोटा लिहावा लागला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. डोळे भरून आले होते, खोली शांत होती. खोटा तपशील घातला असता तर हसून झाल्यावर श्रोत्याला फसवल्यासारखं वाटतं. आणि मामा स्वतः समोर बसलेले आहेत, ते मान हलवून नाही म्हणाले की संपलं. तपशील सगळे खरे, फक्त निवडलेले. ज्या तपशिलांचा ओढा गहिवराकडे आहे तेवढेच घेतले. मामांनी स्टँडवर पेढ्यांचा भाव केला होता, हे ताईने सांगितलेलं अर्थातच गाळलं.

दुसरं पांघरूण मला लिहावं लागलंच नाही. एकसष्टीच्या भाषणाचा शेवट गहिवरात होतो, हे खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तीन मिनिटं झाल्यावर दवाखाना, नातू आणि भरलेले डोळे आले की लोक आपोआप रुमाल शोधतात. त्यांची ती अपेक्षाच आपलं काम करते.

शर्ट-गाडी आणि नातू लागोपाठ ठेवायचे नाहीत हेही ठरलं. लागोपाठ ठेवले तर तिसरं येणार ते मोजूनच कळतं. शर्ट-गाडी पहिल्या मिनिटात, मग दोन मिनिटं पूर्ण वेगळं: मामांनी दादाला कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकवलं ते, बदलीच्या गावी एकट्याने काढलेली वर्षं. हे सगळं मनापासून, त्यात एकही चिमटा नाही. तोवर लोक मोजणं विसरतात. फार लांब गेलं तर मात्र शर्टही विसरतील. दोन मिनिटांच्या वर नको.

शर्ट-गाडीचा आणखी एक उपयोग आहे. मामांच्या बँकेतली जुनी मंडळी आणि व्याही ही सवय जाणत नाहीत. त्यांना ती भाषणातच शिकवावी लागते, नाहीतर शेवटी अर्धा हॉल हसेल आणि अर्धा एकमेकांकडे बघेल.

२५ फेब्रुवारी

व्हिडिओ कॉलवर तालीम. दादाने "आणि म्हणाले" नंतर एवढा मोठा पॉज घेतला की मला वाटलं नेट गेलं. त्यात वर डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं.

"अगं, पंचच्या आधी थांबायचं असतं ना?"

सगळ्यांची समजूत तशीच आहे. पण साल्वातोरे अटार्डो आणि लूसी पिकरिंग यांनी विनोद सांगणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं मोजून २०११ मध्ये जे मांडलं त्यात पंचलाइनच्या आधी नेमाने मोठा विराम आढळला नाही. व्यावसायिक कलावंत मंचावर थांबतात, मुद्दाम थांबतात, ते वेगळं. आपल्या बाबतीत तर थांबणं घातकच आहे. विराम म्हणजे श्रोत्याला अंदाज करायला दिलेला वेळ, आणि इथे उत्तर त्याला आधीपासून माहीत आहे. त्याला तेवढा अवकाश मिळाला की पहिल्या रांगेतली कुठलीतरी आत्या "केवढ्याला!" म्हणून मोकळी होणार.

म्हणून विराम एक वाक्य मागे सरकवला. "खोलीत कुणी काही बोलेना" यानंतर थांबायचं. तिथली शांतता गोष्टीतलीच शांतता वाटते, संशय येत नाही. मग "मग बाबा ताईकडे वळले आणि म्हणाले, केवढ्याला?" हे एका श्वासात, न चढता, न उतरता. कागदावर मी त्या वाक्यातला स्वल्पविरामही खोडला, कारण दादा स्वल्पविराम पाळतो.

चेहऱ्याची एकच सूचना दिली: दवाखाना शब्दापासून हसायचं नाही. आपल्याला पुढचं माहीत असतं म्हणून ओठाचा कोपरा आधीच हलतो, आणि लोक वाक्याआधी तो कोपरा वाचतात.

१ मार्च

मामींना ऐकवून घेतलं. हसल्या, मग म्हणाल्या, "अगं पण व्याह्यांसमोर चिक्कू वाटतील ना हे."

रास्त शंका आहे. भाव विचारणारा आणि हात आखडणारा यांत फरक आहे, आणि परक्याला तो दिसत नाही. पोहण्याच्या भागात एक वाक्य वाढवलं: दादाच्या इंजिनियरिंगची फी भरताना मामांनी ती केवढी हे एकदाही विचारलं नाही. हे खरंच आहे. थट्टेची धार त्याने कमी होत नाही, उलट सवयीला अपवाद आहे हे कळल्याने ती सवयच राहते, स्वभावाचा ठपका होत नाही. धोका एकच होता, मध्येच पैशाचा विषय आल्याने लोकांना शर्टाची आठवण होईल. म्हणून ते वाक्य दोन मिनिटांच्या भागात अगदी सुरुवातीला टाकलं, दवाखान्यापासून लांब.

मामींनी दुसऱ्यांदा ऐकलं आणि डोळे पुसले. मग "केवढ्याला" ला परत हसल्या.

५ मार्च

सूत्रसंचालन करणाऱ्या काकांना फोन केला. दादाच्या आधी कुणीही भाव करण्याचा विषय काढू नये अशी विनंती. ते म्हणाले, त्यांच्या प्रास्ताविकात भाजी मंडईचा किस्सा होता. दादाच्या नंतर घ्यायला तयार झाले. घरच्या समारंभात निम्मे विनोद असेच मरतात, एकच सवय चार जण सांगतात.

शेवटाला शेपटी हवी का यावर दादाशी चर्चा. नातवाच्या "केवढ्याला?" नंतर "ताईने बिल सांगितलं. म्हणाले, फसवलं तुला." असं मसुद्यात आहे. आधीच्या दोन्हींत निकाल आला, म्हणजे इथेही यायला हवा. पण मोठा हशा आला तर ते त्याखाली जाईल. दादाला सांगितलं: हशा उतरायला लागला की "ताईने बिल सांगितलं" एवढंच म्हण, आणि मग बघ.

९ मार्च

काल झालं. ध्वनिमुद्रण आज ऐकलं.

शर्टाला पुढच्या रांगांतून हशा, गाडीला त्याहून कमी. गाडीवर कमी हसणं हवंच होतं. पोहण्याच्या भागात शांतता. एका बाळाचा रडण्याचा आवाज आणि पंख्याची घरघर. दवाखान्यापाशी कुणीतरी नाक ओढल्याचं ऐकू येतं. "कुणी काही बोलेना" नंतरचा विराम दादाने तालमीपेक्षा लांबवला, पण निभावला, कारण त्या जागी लांबला तरी बिघडत नाही.

"केवढ्याला?" वर पहिला हशा मागच्या रांगांतून, म्हणजे बँकेच्या लोकांतून आला. घरची माणसं पाठोपाठ. माझा अंदाज उलटा होता. घरचे बहुधा गहिवरात जास्त खोल गेले होते, त्यांना परत यायला वेळ लागला.

मग दादा थांबला. हशा उतरताना म्हणाला, "ताईने बिल सांगितलं." आणि त्याने तोंड उघडायच्या आत हॉलने एका सुरात म्हटलं, "फसवलं तुला!" हा हशा पहिल्यापेक्षा मोठा आहे. पहिला अनपेक्षित होता म्हणून आला, दुसरा ओळखीचा होता म्हणून. कशात काय लपवायचं आणि काय उघडं ठेवायचं याची वाटणी बरोबर बसली: जागा लपवली, पालुपद उघडं ठेवलं. पुढच्या वेळच्या फायलीत लिहून ठेवते, पालुपदाची तिसरी खेप कागदावर लिहायचीच नाही, ती श्रोत्यांसाठी सोडायची.

मामांनी उत्तराच्या भाषणात दवाखान्याच्या बिलाचा मूळ आकडा, त्यावर मिळवलेली सवलत आणि उरलेली रक्कम सांगितली. तोंडपाठ.